खालच्या चार पट्ट्या बघा

ऑनलाइन वस्तू घेताना बहुतेक जण ४.१ किंवा ४.३ असा एकच आकडा बघतात आणि पुढे जातात. त्या आकड्याखाली पाच आडव्या पट्ट्या असतात, पाच स्टारपासून एक स्टारपर्यंत, समोर टक्के लिहिलेले. खरी माहिती त्या पट्ट्यांमध्ये असते. मी संख्याशास्त्र शिकवते, पण इथे लिहितेय ते बेरीज, वजाबाकी आणि टक्केवारीच्या पुढे जात नाही. कोणालाही जमेल, आणि जमायला हवं असं मला मनापासून वाटतं.

मावशीला डॉक्टरांनी घरी रोज बीपी मोजायला सांगितलं. दसऱ्याच्या सेलमध्ये मामेभावाने घरच्या ग्रुपवर एका मशीनचा स्क्रीनशॉट टाकला. "ताई, ४.१ आहे, साडेबाराशे लोकांनी रेटिंग दिलंय. मागवून टाकू?" पट्ट्या अशा होत्या: पाच स्टार ६८ टक्के, चार स्टार १०, तीन स्टार ४, दोन स्टार २ आणि एक स्टार १६.

आधी सरासरी काढू. पाच गुणिले अडुसष्ट असं करत बसण्यापेक्षा उलटीकडून मोजलं तर तोंडी होतं. पाच स्टार म्हणजे पूर्ण, मग प्रत्येक पट्टीची तूट किती ते बघायचं. चार स्टारला एकाची तूट, तीनला दोनाची, दोनला तिनाची, एक स्टारला चाराची. म्हणजे १० अधिक ८ अधिक ६ अधिक ६४, एकूण ८८. शंभराने भागलं की ०.८८, आणि पाचातून वजा केलं की ४.१२. वर ४.१ लिहिलं होतं, जुळलं. या रीतीचा आणखी एक फायदा असा की तूट कुठून आली ते लगेच दिसतं. इथे ८८ पैकी ६४ एकट्या एक स्टारच्या पट्टीतून आलेत.

टक्के पूर्णांकात लिहिलेले असल्यामुळे प्रत्येक पट्टीत अर्ध्या टक्क्यापर्यंत फरक असू शकतो. बेरीज कधी ९९ येते, कधी १०१; तेव्हा शंभराऐवजी त्या बेरजेने भागायचं, आणि तूटही त्यावरच काढायची. या पूर्णांकांमुळे सरासरीत पडणारा फरक ०.०५ च्या आतच असतो. त्यामुळे पट्ट्यांवरून ४.१२ येत असताना वर ४.४ दिसलं, तर ते पूर्णांकांचं काम नाही. मग एकतर ती साइट साधी सरासरी दाखवतच नाही, किंवा चित्रात कोणीतरी हात घातलाय. ॲमेझॉन स्वतःच सांगतं की त्यांचं रेटिंग साधी सरासरी नसतं. रिव्ह्यू किती ताजा आहे, वस्तू तिथूनच घेतली होती का, यावर वजन ठरतं, आणि पट्ट्यांचे टक्केही तसेच वजन लावून येतात. गूगल प्ले २०१९ पासून ताज्या रेटिंगना जास्त वजन देतं. तिथे पट्ट्यांसमोर आकडेच नसतात; अशा वेळी स्क्रीनवर पट्टीची लांबी मोजायची आणि पाचही लांब्यांच्या बेरजेने भागायचं. सगळ्यात लांब पट्टी पूर्ण रुंदीची दाखवलेली असली तरी उत्तर बदलत नाही, कारण गुणोत्तरं तीच राहतात.

इथपर्यंत मामेभावाचं बरोबर होतं. ४.१ हा आकडा खरा होता, पण तो कशातून बनला होता हा प्रश्न राहतोच.

एकाच स्क्रीनशॉटवरून खोटेपणा ओळखता येतो असं सांगणाऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. पाच स्टार खूप, मधे थोडे आणि एक स्टारला पुन्हा उंचवटा, हा आकार निखळ खऱ्या रेटिंगमध्येही सर्रास दिसतो. नान हू, जिए झांग आणि पॉल पावलू या संशोधकांनी २००९ मध्ये यावर लिहिलं. इंग्रजी 'जे' अक्षरासारखा आकार, असं त्याचं वर्णन आहे. कारण सोपं आहे. जे विकत घेतात त्यांना वस्तू मुळात आवडलेली असते, आणि घेतल्यावर रेटिंग द्यायला तेच जातात जे फार खूश असतात किंवा फार चिडलेले. ज्याला ठीकठाक वाटलं तो काही लिहीत नाही. त्यामुळे नुसते टोकाचे दोन ढीग बघून 'बनाव' असा शिक्का मारणं प्रामाणिक विक्रेत्यावर अन्याय करणारं आहे.

दोन वेगवेगळ्या तारखांचे स्क्रीनशॉट मिळाले तर मात्र चित्र पालटतं. योगायोगाने याच मशीनचा एक स्क्रीनशॉट आमच्या ग्रुपवर गणपतीच्या आधी दुसऱ्या कोणीतरी टाकला होता. तेव्हा एकूण ५०० रेटिंग होती. पाच स्टार ४६ टक्के, चार १७, तीन ७, दोन ४ आणि एक स्टार २६. तूट १७, १४, १२ आणि १०४, म्हणजे १४७, सरासरी ३.५३.

आता टक्क्यांची माणसं करू. ५०० चे ४६ टक्के म्हणजे २३०, मग खाली ८५, ३५, २० आणि १३०. नव्या चित्रात १,२५० चे ६८ टक्के म्हणजे ८५०, मग १२५, ५०, २५ आणि २००. नव्यातून जुने वजा केले की मधल्या काळात काय आलं ते उघडं पडतं. पाच स्टारची ६२० रेटिंग, चारची ४०, तीनची १५, दोनची ५ आणि एक स्टारची ७०. एकूण ७५०.

या वजाबाकीतही पूर्णांकांमुळे प्रत्येक आकडा आठ-नऊने इकडेतिकडे होऊ शकतो. म्हणून दोन स्टारच्या ५ ला काही अर्थ नाही, १५ सुद्धा डळमळीत आहे. पण ६२०, ४० आणि ७० हे आकडे भक्कम आहेत.

या ७५० जणांची सरासरी काढली तर ४.५ च्या वर जाते. तेच मशीन आधीच्या ५०० जणांना ३.५ चं वाटलं होतं. पूर्वी चार स्टारच्या एका रेटिंगमागे पाच स्टारची पावणेतीन होती, आता साडेपंधरा झाली.

तरीही मी इथे थांबले नसते. सेल होता, किंमत उतरली होती, कदाचित कंपनीने मशीन सुधारलंही असेल. म्हणून वरची पट्टी झाकून फक्त खालच्या चार बघितल्या. एक स्टारची ७० नवी रेटिंग आली. पूर्वी शंभरातले २६ जण एक स्टार देत होते, त्या हिशेबाने ७० एक स्टार यायला साधारण २७० खरे ग्राहक लागतात. चार स्टारची ४० आली. पूर्वीच्या १७ टक्क्यांनी हिशेब केला तर साधारण २३५ ग्राहक. तीन स्टारवरून २१५ च्या आसपास येतात. वेगवेगळ्या पट्ट्या एकच गोष्ट सांगतायत, की मधल्या काळात पूर्वीच्याच मताचे सुमारे २५० ग्राहक आले. त्यांच्यातले ४६ टक्के, म्हणजे ११५ जण, पाच स्टार देतील. प्रत्यक्षात पाच स्टारची रेटिंग ६२० आली. उरलेली पाचशे कुठून आली?

मशीन खरंच सुधारलं असतं तर एक स्टारचे लोक चार स्टारकडे सरकले असते, आणि खालच्या पट्ट्यांचं एकमेकींशी असलेलं प्रमाण बदललं असतं. नुसती सेलमुळे गर्दी वाढली असती तर पाचही पट्ट्या सारख्याच प्रमाणात वाढल्या असत्या. इथे खालच्या चार पट्ट्या जवळपास जुन्याच प्रमाणात वाढल्या आणि वर पाचशेचा वेगळा ढीग येऊन पडला. रेटिंग विकत घेणारा चार किंवा तीन स्टार विकत घेत नाही, पाचच घेतो. म्हणून खालच्या पट्ट्यांमध्ये खऱ्या ग्राहकांचा माग शिल्लक राहतो. (प्रतिस्पर्धी विकत घेतो ते एक स्टार. तेव्हा तपास उलटा होतो: वरच्या चार जुन्या प्रमाणात आणि खाली अचानक ढीग.)

ते पाचशे जण खोटी खाती असतीलच असंही नाही. खोक्यात 'पाच स्टार द्या, कॅशबॅक मिळवा' असं कार्ड घातलं की खरे ग्राहकच, खरी खरेदी करून, विकलेलं मत देतात, आणि त्यावर 'व्हेरिफाइड' अशी खूणही लागते. दुसरी शक्यता पानं जोडण्याची. चांगल्या खपणाऱ्या वस्तूच्या पानाला नवी वस्तू 'प्रकार' म्हणून चिकटवली की जुनीची रेटिंग नवीला मिळतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२३ मध्ये व्हिटॅमिन विकणाऱ्या द बाउंटिफुल कंपनीवर ॲमेझॉनवर हेच केल्याबद्दल कारवाई केली आणि सहा लाख डॉलर वसूल केले. हे ओळखायचं तर रिव्ह्यू वाचायचे: बीपी मशीनच्या पानावर लोक थर्मामीटरबद्दल बोलत असतील, तर उत्तर मिळालं.

या वजाबाकीच्या मर्यादाही आहेत. जिथे टक्केच वजन लावून काढलेले असतात, तिथे ही माणसं खरी मोजलेली नसतात, अंदाज असतो. एकूण रेटिंग शे-दीडशेच असतील तर पूर्णांकांचा आणि योगायोगाचा गोंधळ इतका मोठा की निष्कर्ष काढू नये. साइटने मधेच रेटिंगच्या बटणाची जागा बदलली तरी आकार बदलतो. पण मग तो त्या साइटवरच्या इतर मशीनचाही बदलतो, म्हणून त्याच प्रकारच्या दोन-तीन वस्तू शेजारी ठेवून बघाव्यात. आणि कधी वजाबाकी उणे येते, पाच स्टारची संख्या चक्क कमी होते. तेव्हा साइटने खोटी रेटिंग काढून टाकली असण्याची शक्यता मोठी.

या मशीनच्या एक स्टारच्या रिव्ह्यूंमध्ये एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती: लागोपाठ दोनदा मोजलं तर वेगवेगळे आकडे येतात. असली तक्रार पाचशे पाच स्टारखाली दडपली जाणं मला भयंकर वाटतं, कारण त्या आकड्यांवर कोणाची तरी गोळी कमी-जास्त होणार असते. मामेभावाला मी नको म्हणून सांगितलं.

माझं म्हणणं आता साइटवाल्यांसाठी आहे. दोन तारखांचे स्क्रीनशॉट योगायोगाने मिळण्यावर ग्राहकाने का अवलंबून राहावं? प्रत्येक रेटिंगची तारीख तुमच्याकडे आहे. कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या स्टीमने २०१७ मध्येच प्रत्येक गेमच्या पानावर काळानुसार रिव्ह्यूंचा आलेख दिला, कोणत्या काळात किती चांगले आणि किती वाईट आले ते दाखवणारा, आणि तोही अचानक पडणारे ढीग ग्राहकाला दिसावेत म्हणूनच. आपल्याकडे भारतीय मानक ब्यूरोचं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठीचं मानक, आयएस १९०००, २०२२ मध्ये आलं, पण ते ऐच्छिक ठेवलं गेलं. निदान आरोग्याच्या उपकरणांच्या पानावर तरी महिन्यागणिक पाचही पट्ट्या, टक्क्यांऐवजी संख्येत, दाखवणं सक्तीचं करा.