काळं दिसतं ते काळंच नसतं

«फोटोत जे गडद, ते मुळातही गडद रंगाचंच धरावं.»

जुने कृष्णधवल फोटो रंगवण्याबद्दलचा हा सल्ला पटला नाही. फोटो घ्यायच्या जुन्या काचेच्या प्लेटांना निळा प्रकाश चटकन दिसे, लाल जवळजवळ दिसतच नसे. म्हणून ऑगस्ट १९१४ मधल्या फ्रेंच सैनिकांच्या भडक लाल विजारी फोटोत काळपट येतात, कधीकधी निळ्या कोटापेक्षाही गडद. नुसत्या छटेवर विसंबलात तर विजार काळी रंगवाल. तिथे गणवेशाचे नियम आणि संग्रहालयातलं खरं कापडच कामी येतं. (तो लाल अलिझारिनचा, म्हणजे मंजिष्ठातल्याच रंगद्रव्याचा, पण तोवर कारखान्यात बनणारा आणि बराचसा जर्मनीतून येणारा!)

आमच्या आजीच्या लग्नाच्या फोटोतलं कुंकूही असंच काळं आहे. तेव्हा आधी प्लेट कोणती ते पाहा, रंग नंतर भरा.