बचत बुडत नाही, नोटा बुडतात

“चलनातली सहा शून्यं काढली तर बँकेतली बचतही आटणार ना?”

नाही. तुर्कस्तानात 1 जानेवारी 2005 ला 10 लाख जुन्या लिरांचा 1 नवा लिरा झाला. 45 कोटींचं भाडं 450 झालं, 80 कोटींचा पगार 800. ठेवी आणि कर्जंही त्याच प्रमाणात बदलली. करार नव्याने करावे लागले नाहीत, कायद्यानेच जुना आकडा नवा मानला. या बदलाने व्याजदराला हात लागला नाही.

जपायचं ते किरकोळ भावात. कुरुश म्हणजे लिराचा शंभरावा भाग; 3,54,000 जुन्या लिरांचे 35.4 कुरुश होतात. नियमाने अर्ध्या कुरुशाखालचा भाग सोडायचा, म्हणून 35. दुकानदाराने 40 लावले तर ती चक्क भाववाढ! खरा फटका घरात जुन्या नोटा साठवणाऱ्यांना: 2015 संपताच त्या नोटांची अदलाबदल कायमची थांबली.