रेघ खाली येता कामा नये

सकाळी उठल्यावर आपले पाय हलके आहेत की जड, हे ज्या सायकलस्वाराला स्वतःच्या पायांवरून कळते, त्याने हा लेख वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. हा लेख त्या सुज्ञ मंडळींसाठी आहे, जी पहाटे होटगी रस्त्याला लागण्यापूर्वी मोबाइलवर तंदुरुस्ती, थकवा आणि फॉर्म या तीन रेघांचा आलेख उघडतात आणि आज आपल्याला कसे वाटायला हवे, याची त्याच्याकडून खात्री करून घेतात.

आलेखाची घडण आपल्याला ठाऊक असेलच, तरीही उजळणी करू. आपण साधारण तासभर टिकवू शकू अशा कमाल जोराला एफटीपी म्हणतात आणि तेवढ्या जोराने तासभर सायकल चालवली की भाराचे १०० गुण मिळतात. रोजच्या गुणांची ४२ दिवसांची सरासरी, जिच्यात अलीकडच्या दिवसांना अधिक वजन असते, ती तंदुरुस्ती. तशीच ७ दिवसांची सरासरी म्हणजे थकवा. पहिलीतून दुसरी वजा केली की उरतो तो फॉर्म. एरिक बॅनिस्टर यांच्या १९७० च्या दशकातील प्रतिमानाला अँड्र्यू कॉगन यांनी दिलेले हे सोपे रूप आहे. त्यातील ४२ आणि ७ हे आकडे सोयीसाठी धरलेले असून ते बदलताही येतात. या साऱ्या हिशेबात भार किती घातला एवढेच मोजले जाते, त्यातून शरीराने काय कमावले ते मोजले जात नाही. हे शेवटचे वाक्य मात्र आपण ताबडतोब विसरावे, नाही तर पुढचा सल्ला पाळणे जड जाईल.

आता मुख्य नियम: तंदुरुस्तीची रेघ खाली येता कामा नये. समजा, आपण बरेच दिवस रोज सरासरी ६० गुण मिळवत आहात, त्यामुळे तंदुरुस्ती ६०, थकवा ६० आणि फॉर्म शून्य आहे. एखाद्या सोमवारी आपण विश्रांती घेतलीत तर रात्री तंदुरुस्ती ५८.६ वर येईल. हा दीड गुण कोणी चोरला, या विचाराने झोप लागणे शक्यच नाही. तेव्हा ताटातली कडक भाकरी आणि शेंगा चटणी तशीच सोडून उठावे, खोलीतल्या ट्रेनरवर चाळीस मिनिटे पाय मारावेत आणि ३० गुण पदरात पाडून घ्यावेत. आता तंदुरुस्ती ५९.३ दिसेल, म्हणजे पाऊण गुण वाचला. त्याच चाळीस मिनिटांपायी दुसऱ्या दिवशीचा फॉर्म अधिक ७ ऐवजी अधिक साडेतीन होईल, म्हणजे विश्रांतीचा निम्मा लाभ गेला. परंतु फॉर्मची रेघ वेगळ्या रंगाची असते, तिच्याकडे पाहण्याचे कारण नाही.

खरी कसोटी लागते ती मोठ्या फेरीच्या आधीच्या आठवड्यात. रविवारी मित्रांच्या जोडीने पंढरपूरला जाऊन त्याच दिवशी परत यायचे आहे, रोजच्या वेगापेक्षा अंमळ जोरात. अशा वेळी जुनीजाणती माणसे सांगतील की सात दिवस भार निम्म्यावर आणा, रोज सरासरी ३० गुणच घ्या, मात्र दोन-तीन दिवस मिनिटा-मिनिटाचे काही जोरकस तुकडे ठेवा, म्हणजे पाय सुस्तावणार नाहीत. त्यांचे ऐकल्यास आठवड्याअखेर थकवा सुमारे ४० वर उतरेल, तंदुरुस्ती ५५ च्या आसपास येईल आणि फॉर्म अधिक १५ होईल. अनेक आठवड्यांत पायांनी कमावलेले सात हलक्या दिवसांत विरघळत नाही, खाली येते ती सरासरी, हेही ती मंडळी समजावतील. नेहमीच्याच वॅटला तो मिनिटाचा तुकडा आता सोपा वाटतो आहे, हे त्याचे लक्षण म्हणून दाखवतील. आपण बधू नये. पाच गुण म्हणजे पाच गुण. शनिवारी संध्याकाळपर्यंत ६० टिकवावेत आणि रविवारी मोहोळच्या पुढे मित्र दिसेनासे झाले की थांबून आलेखाचे छायाचित्र त्यांना पाठवावे.

ज्यांना इतके कष्टही नकोत, त्यांच्यासाठी अंथरुणातून न उठता तंदुरुस्ती वाढवण्याचा मार्ग उपलब्ध आहे. आपला खरा एफटीपी २२० वॅट असेल तर तो २०० नोंदवावा. गुण काढताना जोराचे एफटीपीशी असलेले गुणोत्तर वर्गात घेतले जाते, म्हणून १६० वॅटची तासभराची जी फेरी पूर्वी ५३ गुण देत होती, तीच आता ६४ देईल. एकवीस टक्के वाढ, तीही घाम न गाळता! रेघ लगेच उडी मारत नाही, नव्या फेऱ्या सरासरीत शिरतात तशी आठवड्यामागून आठवडे सावकाश चढते, त्यामुळे ती मेहनतीचीच वाटते. वर्षभर एफटीपी न तपासताही हाच लाभ आपोआप मिळतो. एखाद्या खडूस मित्राने चढण नेमकी कोणत्या तारखेपासून सुरू झाली आणि त्याच सुमारास एफटीपीचा आकडा बदलला होता का, असे विचारले तर विषय हुरड्यावर न्यावा.

मे महिन्यात आपल्या गावाचा फार उपयोग होतो. दुपारी बेचाळीस अंशांत विजापूर रस्त्यावर १६० वॅटने तासभर सायकल हाकली तरी पॉवरमीटर तेवढेच ५३ गुण देतो, जेवढे तो डिसेंबरच्या पहाटे देतो. उन्हाचे वेगळे गुण नाहीत. याउलट केवळ हृदयगतीवरून गुण काढणारे घड्याळ असेल, तर उन्हात त्याच जोराला ठोके चढत जातात आणि गुणही फुगतात. काही दिवस पॉवरमीटर, काही दिवस घड्याळ अशी सरमिसळ केल्यास कोणत्याही ऋतूत हवी तशी रेघ काढता येते. मात्र एक पथ्य पाळावे. तासाच्या दुसऱ्या अर्ध्यात वॅट तेच असताना ठोके किती वाढले, हे कधीही ताडून पाहू नये. ऊन अंगावर किती चढले, हे त्यावरून लगेच समजते आणि उगाच पाणी पिऊन सावलीत बसण्याची इच्छा होते.

शेवटचा सल्ला तापाचा. ६० वर असताना ताप आला आणि पाच दिवस अंथरुणात गेले, तर तंदुरुस्ती ५३ होईल, थकवा २८ वर कोसळेल आणि फॉर्म अधिक २५ दाखवेल. एवढा ताजेपणा आपण पंढरपूरसाठीही कमावला नव्हता. तोंडाला चव नाही, जिना चढताना धाप लागते, सौ. दाराशी आडव्या उभ्या आहेत, या बाबींसाठी आलेखात रकाना नाही, तेव्हा त्या विचारात घेण्याचे कारण नाही. सहाव्या दिवशी पहाटे निघावे आणि तुळजापूरच्या घाटात आपली आजवरची सर्वोत्तम वेळ मोडायला घ्यावी. पुढे सलाईन लावायची वेळ आलीच, तर ती उजव्या हाताला लावायला सांगावी, कारण डाव्या मनगटावर घड्याळ असते आणि पडून काढलेल्या दिवसांची शून्येसुद्धा बिनचूक नोंदली गेली पाहिजेत.