"नाही" म्हणा, पण कशामुळे ते माणसाला कळू द्या

गेल्या आठवड्यात अशोक चौकाजवळच्या युनिफॉर्मच्या कारखान्यात शिलाई करणारे एक अण्णा माझ्याकडे आले. हातात विमा कंपनीचं इंग्रजी पत्र. "मी काही लपवलं नव्हतं हो," एवढंच सारखं म्हणत होते.

पत्रात कारण एका ओळीत होतं: मोतीबिंदूचा दावा Excl02 अन्वये अमान्य. हा कोड ठरावीक आजारांच्या प्रतीक्षा काळाचा आहे. पॉलिसीच्या आधीपासून असलेल्या आजाराचा कोड Excl01, तो वेगळा. म्हणजे लपवाछपवीचा प्रश्नच नव्हता, पण अण्णांनी चार रात्री आपल्यावर खोटेपणाचा आळ आलाय असं समजून काढल्या.

दावा नाकारणं नियमाला धरून होतं. त्यांच्या पॉलिसीत मोतीबिंदूला 24 महिने थांबावं लागतं. पॉलिसी 18 जून 2024 ची, ऑपरेशन 9 जानेवारी 2026 ला. मला धास्ती वेगळीच होती: रागाच्या भरात ते यंदाचा हप्ताच भरणार नव्हते!

मी ते पत्र मराठीत पुन्हा लिहिलं:

"तुमचा 34,600 रुपयांचा दावा आम्हाला मंजूर करता येत नाही. या पॉलिसीत मोतीबिंदूचा खर्च 24 महिने पूर्ण झाल्यावरच मिळतो. तुमचे 24 महिने 17 जून 2026 ला पूर्ण होतील, ऑपरेशन त्याआधी झालं. तुम्ही दिलेल्या माहितीबद्दल आमची कोणतीही शंका नाही. याआधी दुसऱ्या कंपनीची पॉलिसी असेल आणि ती खंड न पडता इकडे आणली असेल, किंवा मोतीबिंदू अपघातामुळे झाला असेल, तर कागद पाठवा. आम्ही पुन्हा तपासू. पॉलिसी चालू ठेवलीत तर 18 जूनपासून दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनचा दावा करता येईल. निर्णय पटला नाही तर आमच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. तिथे फी नाही, वकील लागत नाही."

"नाही" पहिल्याच वाक्यात ठेवलं. "खेदाने कळवतो" अशी दोन वाक्यं वर घातली की माणूस आशेने वाचत जातो आणि मग आपटतो. मला मायेचं वाक्य वाटतं ते शंका नसल्याचं. आणि तारखा हव्यातच. तारीख दिसली तरच कंपनीची मोजणी चुकली का ते तपासता येतं. नुसत्या कोडशी वाद कसा घालणार? नकार देताना पॉलिसीतली नेमकी अट सांगावी, असं विमा नियामकानेही बजावलंय. पण नेमकी अट म्हणजे नुसता कोड नव्हे.

मसुदा मी कंपनीच्या शाखेत नेऊन दिला. घेतला, एवढंच झालंय.

अण्णांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, "म्हणजे हप्ता 17 जूनच्या आत भरायचा, आणि डावा डोळा त्यानंतर?" हो, डॉक्टर थांबायला हरकत नाही म्हणाले तर. त्यांनी कागद घडी करून पॉलिसीच्या पिशवीत ठेवला.