फोटो आपल्याच सर्व्हरवर ठेवा, लिंक लावून उसना आणू नका

फेब्रुवारी 2021 मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या तंत्रज्ञांना दिसलं की एका जांभळ्या ॲस्टर फुलाचा फोटो दिवसाला जवळपास 9 कोटी वेळा मागितला जातोय. त्यांच्या एका डेटा सेंटरवर फोटोंसाठी येणाऱ्या एकूण मागण्यांपैकी 20 टक्के मागण्या एवढ्या एका फुलासाठी! बहुतेक मागण्या भारतातून येत होत्या. शोध घेतला तेव्हा त्यामागे एक मोबाइल ॲप निघालं. कोणीतरी त्या फोटोची लिंक थेट कोडमध्ये टाकली होती, आणि लाखो फोन तो फोटो पुन्हा पुन्हा मागत होते.

यालाच हॉटलिंकिंग म्हणतात. पान तुमचं, पण फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतो आणि डेटाचा खर्चही त्याच्यावर पडतो. मला हे मनापासून खटकतं, कारण समोर दर वेळी विकिमीडियाएवढी मोठी संस्था नसते. समजा, एखाद्या छायाचित्रकाराचा 4 एमबीचा फोटो तुम्ही लावलात आणि तुमच्या पानावर रोज 500 माणसं येतात. म्हणजे दिवसाला 2 जीबी, महिन्याला 60 जीबी. त्याचं होस्टिंग साधं असेल तर त्याची स्वतःचीच साइट बंद पडू शकते.

फटका आपल्यालाही बसतो. एका ओळखीच्यांच्या होमस्टेच्या साइटवर समुद्राचा फोटो असाच लावलेला होता. मूळ मालकाने तो हटवला आणि ऐन मे महिन्यात पहिल्याच पानावर तुटलेल्या चित्राची खूण दिसू लागली. त्यांना स्वतःला मात्र आठवडाभर फोटो दिसत होता, कारण त्याची प्रत त्यांच्या ब्राउझरच्या कॅशेमध्ये साठवलेली होती. पाहुण्यांनी फोन केला तेव्हा कळलं. त्या लिंकवर मालक दुसरंच चित्रही ठेवू शकला असता, आणि तेही आपल्याच पानावर झळकलं असतं.

आपल्या साइटवरच्या फोटोवर राइट क्लिक करून तो नवीन टॅबमध्ये उघडा. पत्त्यात दुसऱ्याचं डोमेन दिसलं तर बहुधा फोटो उसना आहे. (तुमचे फोटो दुसऱ्या सर्व्हरवरून पुरवणारी सीडीएन सेवा तुम्हीच घेतलेली असेल तर गोष्ट वेगळी.) मग परवानगी किंवा लायसन्स तपासा, फोटो उतरवून घ्या, रुंदी 1200 पिक्सेलच्या आसपास आणा आणि आपल्या फोल्डरमध्ये चढवा. होमस्टेचा नवा फोटो, त्यांनी स्वतः काढलेला, असा दीडशे केबीत बसला:

```
<img src="/images/samudra.jpg" width="1200" height="800" alt="घरामागचा समुद्रकिनारा">
```

फोटो आपल्या सर्व्हरवर आला म्हणून तो आपला होत नाही. लायसन्समध्ये श्रेय द्यायला सांगितलं असेल, तर छायाचित्रकाराचं नाव आणि लायसन्सची लिंक फोटोखालीच द्या.