इंजिन बंद केलं की ब्रेक पेडल दगडासारखं का होतं

"सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना इंजिन बंद करून टाका, पेट्रोल वाचतं. ब्रेक पायाने लागतो, त्याला इंजिन कशाला हवं? अडलंच तर हँडब्रेक आहे. बटणवाल्या हँडब्रेकच्या गाडीत मात्र तोही आधार नाही."

हा सल्ला चुकीचा आहे, शेवटच्या वाक्यापर्यंत. ब्रेकचं आधी. बॉनेट उघडलं की ब्रेकचं तेल दाबणाऱ्या मास्टर सिलिंडरच्या मागे काळा गोल डबा दिसतो. तो बूस्टर. त्यात रबरी पडदा असतो आणि दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेतं; डिझेल गाडीत हे काम इंजिनावर चालणारा पंप करतो. पेडल दाबलं की झडप उघडून पडद्यामागे बाहेरची हवा शिरते आणि तीच पडद्याला पुढे रेटते.

किती? २३ सेंटीमीटर व्यासाचा पडदा म्हणजे सुमारे ४१५ चौरस सेंटीमीटर. दोन बाजूंच्या दाबात प्रति चौरस सेंटीमीटर ०.६ किलोचा फरक धरला, तर जास्तीत जास्त २५० किलोचा रेटा मिळतो. (फरक मुद्दाम कमी धरलाय, नाशिकलाच हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-सात टक्के कमी, गडावर आणखी कमी.) आता पायाचा जोर १० किलो. पेडलच्या तरफेने त्याचे ४० होतात आणि पाचपट करणारा बूस्टर ते २०० वर नेतो. बूस्टर नसेल तर त्याच २०० साठी पायाने ५० किलो दाबावं लागेल.

इंजिन थांबल्यावर एकमार्गी झडप डब्यातली पोकळी थोडा वेळ धरून ठेवते. ती दोन-तीनदा दाबण्यापुरतीच. चौथ्या वळणावर पेडल दगड होतं आणि माणूस ब्रेक फेल समजून पाय उचलतो. तो उचलू नका, सगळा जोर लावून दाबून धरा. तेलाचा दाब तेव्हाही तयार होतो.

पेट्रोलही वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला, की इंजेक्शनच्या इंजिनात उतारावर इंधन आपोआप बंद होतं.

बूस्टर घरीच तपासता येतो. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबा, पाय तसाच ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पडदा, पाइप किंवा झडप बघून घ्या.

लिव्हरचा हँडब्रेक केबलने, बहुतेक गाड्यांत फक्त मागची चाकं धरतो. वळणावर जोरात ओढला तर ती लॉक होऊन गाडीची शेपटी फिरते. बटणवाल्यात बहुधा मागच्या कॅलिपरवरची मोटर स्क्रूने पॅड आवळते. स्क्रू उलटा सरकत नाही, म्हणून वीज गेली तरी आवळलेला ब्रेक सुटत नाही. बॅटरी पूर्ण उतरली तर तो सोडताही येत नाही, ही खरी अडचण. चालत्या गाडीत बटण ओढून धरलं, तर बऱ्याच गाड्यांत स्थिरता नियंत्रणाचा पंप चारही चाकांना तेलाने ब्रेक लावतो, बटण सोडलं की थांबतो. त्यासाठी इग्निशन चालू हवं.

आणखी एक. घाट उतरून तापलेली डिस्क थंड होताना आकसते आणि पकड ढिली पडते. अनेक बटणवाल्या गाड्या काही वेळाने आपणच पुन्हा आवळतात. लिव्हर तसं करत नाही. नांदुरीत उतारावर गाडी लावलीत तर गिअर टाका, चाकाला दगड लावा.