प्रोपाइलबेंझिनला एकच स्टेप पुरते का?

"ॲसायलेशन म्हणजे अल्किलेशनच, उगाच एक स्टेप जास्त. प्रोपाइलबेंझिन हवं तर बेंझिनमध्ये १-क्लोरोप्रोपेन आणि चिमूटभर AlCl₃ टाका, झालं काम."

जळगाव-धुळ्याकडच्या बी.एस्सी.च्या ग्रुपांवर परीक्षा जवळ आली की हे फिरतं. मी चोपड्याला हाच विषय शिकवतो. वाचून पोरं पेपरात तसंच लिहितात, म्हणून हे उत्तर.

आधी ती एक स्टेप. १-क्लोरोप्रोपेनमधला क्लोरीन AlCl₃ कडे ओढला जातो, तेव्हा टोकाच्या कार्बनवर धन प्रभार येऊ लागतो. तो तिथे टिकत नाही. शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले दोन इलेक्ट्रॉन घेऊन सरकतो आणि प्रभार मधल्या कार्बनवर जातो. मग मिळतं बरंचसं आयसोप्रोपाइलबेंझिन, म्हणजे क्युमिन. थंडीत सरळ साखळीचा वाटा वाढतो, पण मिश्रणच राहतं. क्युमिन १५२ अंशांना उकळतं, प्रोपाइलबेंझिन १५९ ला. साध्या ऊर्ध्वपातनाने ते वेगळे होत नाहीत. एनएमआरमध्ये १.२ जवळ सहा हायड्रोजनांचा डब्लेट दिसला की क्युमिन आलंच समजा.

आता ॲसायलेशनची वाट. इथे १-क्लोरोप्रोपेनऐवजी प्रोपिओनिल क्लोराइड घेऊन आधी कीटोन बनवतात आणि मग त्याचं क्षपण करतात. प्रोपिओनिल क्लोराइडपासून बनणाऱ्या ॲसायलियम आयनात प्रभार कार्बोनिलच्या कार्बनवर असतो, पण ऑक्सिजन आपली इलेक्ट्रॉनजोडी देऊन त्याला सावरतो आणि प्रत्येक अणूचं अष्टक पुरं होतं. हायड्रोजन सरकला तर प्रभार शेजारच्या कार्बनवर जाईल आणि हा आधार सुटेल. म्हणून साखळी जशीच्या तशी राहते.

एकापेक्षा जास्त गट बसण्याचंही असंच आहे. अल्किल गट वलयात इलेक्ट्रॉन ढकलतो, त्यामुळे तयार झालेला रेणू बेंझिनपेक्षा आधी दुसरा गट घेतो. ते टाळायला बेंझिन भरपूर जास्त घ्यावं लागतं. कार्बोनिल उलट इलेक्ट्रॉन ओढून घेतो. शिवाय तयार झालेला कीटोन AlCl₃ ला धरून बसतो, त्याने वलय आणखीच निष्क्रिय होतं आणि दुसरा गट बसत नाही.

आता चिमटीचा हिशोब. ०.१ मोल, म्हणजे ९.२५ ग्रॅम प्रोपिओनिल क्लोराइडला सुमारे १४.७ ग्रॅम AlCl₃ लागतं, म्हणजे १.१ पट मोल. एकच ग्रॅम टाकलं तर ते ०.००७५ मोल भरतं. तेवढा कीटोन बनला की सगळं AlCl₃ त्यात अडकतं आणि क्रिया तिथेच थांबते. शेवटी बर्फ आणि हायड्रोक्लोरिक आम्लावर ओतल्यावरच कीटोन मोकळा होतो. आमच्याकडे बर्फ कॉलेजसमोरच्या रसवंतीतून येतो. पावसाळ्यात AlCl₃ च्या बाटलीचं झाकण उघडताच पांढरा धूर दिसतो आणि भुकटीचे गठ्ठे झालेले असतात. तसं झालेलं वापरलं तर वजन बरोबर असूनही क्रिया अर्धवट राहते.

मिळालेला प्रोपिओफिनोन मग झिंक अमाल्गम आणि आम्लाने क्षपित केला की सरळ प्रोपाइलबेंझिन. ती जास्तीची स्टेप यासाठी आहे.

एक अपवाद सांगायलाच हवा. पिव्हॅलॉइल क्लोराइड बेंझिनसोबत घेतलं तर ॲसायलियममधून CO सुटू शकतो, कारण मागे टर्शरी-ब्युटाइल कॅटायन उरतो आणि तो चांगलाच स्थिर असतो. तिथे टर्शरी-ब्युटाइलबेंझिनही हाती येतं.